मेल पाठवा, पण समोरच्याच्या घड्याळाने!

रात्रीचा दीड वाजलाय. रिकमेंडेशन लेटरसाठी मॅडमना पाठवायचा मेल तुम्ही तिसऱ्यांदा वाचलाय, ‘Respected Ma’am’ नंतरचा स्वल्पविरामसुद्धा तपासलाय. आता एकदाचं सेंड मारायचं आणि झोपायचं. थांबा! मेल चांगला लिहिलाय, यात वाद नाही. पण तो आत्ता गेला तर त्याचं पुढे काय होईल, ते बघूया.

एक शक्यता अशी की मॅडम झोपल्यात. सकाळपर्यंत तुमच्या मेलवर बँकेचा मेसेज, दोन न्यूजलेटर, विद्यापीठाचं एक परिपत्रक आणि कुठल्याशा वेबिनारचं आमंत्रण येऊन बसतं. इनबॉक्समध्ये नवीन मेल वर आणि जुना खाली. सकाळी मोबाइल हातात घेतल्यावर तुमचा मेल पहिल्या स्क्रीनवर दिसतही नाही.

दुसरी शक्यता अधिक वाईट आहे. मॅडम जाग्या आहेत, पेपर तपासतायत. मोबाइल टिंग करतो. त्या मेल उघडतात, अर्धवट वाचतात, ‘उद्या बघू’ म्हणतात आणि मोबाइल उलटा ठेवतात. त्या क्षणी तुमच्या मेलचा ठळक अक्षरांतला विषय साधा होतो, कारण तो आता ‘वाचलेला’ आहे. उद्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्या इनबॉक्स उघडतील तेव्हा नजर ठळक अक्षरांवरूनच फिरेल. न वाचलेला मेल कधी ना कधी वाचला जातो. अर्धवट वाचलेला मात्र तसाच पडून राहतो.

म्हणून वेळ निवडताना ‘ते मेल कधी वाचतील?’ हा प्रश्न पुरेसा नाही. खरा प्रश्न आहे, ‘मी जे मागतोय ते करायला लागणाऱ्या गोष्टी त्यांच्या हाताशी कधी असतील?’ मेल वाचायला मोबाइल पुरतो. पण लेटर लिहायला टेबल, कीबोर्ड, कॉलेजचं लेटरहेड आणि निदान अर्धा तास लागतो.

पहिले काही तास महत्त्वाचे

याला आधार देणारा एक मोठा अभ्यास आहे. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया आणि याहू लॅब्ज इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये सुमारे २० लाख याहू मेल वापरकर्त्यांच्या १६ अब्ज मेल्सचा अभ्यास केला. ज्या मेल्सना उत्तर आलं, त्यांतली निम्मी उत्तरं साधारण पाऊण तासाच्या आत आली होती आणि ९० टक्क्यांहून जास्त एका दिवसाच्या आत. मेल्सचा ढीग वाढत गेला तशी लोकांची उत्तरं छोटी होत गेली, हेही त्यात दिसलं.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. उत्तर यायचं असेल तर ते बहुतेक वेळा लवकरच येतं. मेल पोचल्यानंतरचे पहिले काही तास समोरच्याच्या झोपेत किंवा प्रवासात गेले, तर तुमची सर्वांत चांगली संधी कोणी टेबलाशी नसतानाच निघून जाते.

सायलीचं वेळापत्रक

आता एक उदाहरण सविस्तर करून बघू. समजा, सायली टी.वाय. बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी करतेय. तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठात मास्टर्ससाठी अर्ज करायचाय. शेवटची वेळ आहे १५ जानेवारी, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं, जर्मन वेळेनुसार. मॅडमचं लेटर विद्यापीठाच्या पोर्टलवर थेट मॅडमनीच अपलोड करायचंय.

सायली शेवटच्या तारखेपासून मागे मोजत येते. जानेवारीचा पहिला आठवडा हातात हवा, कारण लिंक चालली नाही, लेटरवर सही राहिली असं काहीही होऊ शकतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा नाताळच्या सुटीत जातो. मॅडमना लिहायला दोन आठवडे तरी द्यायला हवेत. म्हणजे पहिला मेल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. आठवडा ठरला. आता दिवस आणि तास.

इथे तिला कुठल्या वेबसाइटवरचा ‘मेल पाठवायची बेस्ट वेळ’ असा चार्ट लागत नाही. असले चार्ट बहुतेक कंपन्यांच्या जाहिरातीच्या मेल्ससाठी असतात, हजारो अनोळखी लोकांच्या सरासरीवर बेतलेले. सायलीला एकाच माणसाची वेळ हवी आहे आणि ती डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवर लावलेली आहे!

टाइमटेबल बघून ती एकेक दिवस खोडत जाते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मॅडमचं प्रॅक्टिकल साडेअकरा ते अडीच. हातात ग्लोव्ह्ज, समोर तीस मुलं. शिवाय सोमवारी शनिवार-रविवारचे साठलेले मेल असतात आणि शुक्रवारी दुपारनंतर केलेलं ‘नंतर बघू’ थेट पुढच्या आठवड्यात जातं. उरले मंगळवार आणि गुरुवार. या दोन्ही दिवशी मॅडमचं लेक्चर पावणेअकराला संपतं आणि एक वाजेपर्यंत त्या स्टाफरूममध्ये कॉम्प्युटरसमोर असतात.

सायली मंगळवार निवडते. कारण मंगळवारी काही आडवं आलंच, तर त्याच आठवड्यात गुरुवारची तशीच वेळ शिल्लक राहते. गुरुवारी पाठवला आणि हुकला, तर मध्ये शनिवार-रविवार येतो.

तास कोणता? पावणेअकरा नाही. लेक्चर संपल्यावर चार मुलं शंका घेऊन मागे येतात, मग चहा होतो. ती मेलची वेळ लावते ११ वाजून १० मिनिटं. मॅडम खुर्चीत बसतात आणि तिचा मेल इनबॉक्समध्ये सर्वांत वर असतो.

आता सकाळी आठची वेळ का नको, तेही बघा. मॅडम डोंबिवलीहून येतात. आठ वाजता त्या लोकलमध्ये असतात, एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मेल वाचतील, नक्की वाचतील. पण मग तेच, ‘कॉलेजला गेल्यावर बघू’. रात्री दीडच्या मेलचं जे होतं तेच आठच्या मेलचंही होतं.

मेल पोचला, पण फाइल उघडेना

वेळ अचूक साधली आणि तरीही काम झालं नाही, असं होण्याचं एक नेहमीचं कारण आहे. सायलीने मार्कशीट आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज ड्राइव्हवर ठेवून फक्त लिंक पाठवली, पण शेअरिंग बदललं नाही. मॅडम क्लिक करतात आणि समोर येतं ‘You need access’. त्या परवानगी मागतात. ती विनंती सायलीच्या मेलवर येते तेव्हा सायली स्वतः लेक्चरला. ती दीड वाजता बघते, परवानगी देते. पण तोवर मॅडमचे ते दोन तास संपलेले असतात.

म्हणून दोन गोष्टी करायच्या. लेटरसाठी लागणाऱ्या फाइल्स शक्यतो मेललाच जोडा. लिंक द्यायचीच असेल तर ‘Anyone with the link’ करून, दुसऱ्या ब्राउजरमध्ये लॉगिन न करता उघडून बघा. आणि तुम्ही निवडलेल्या वेळेनंतरचा एक तास स्वतःही मोकळा ठेवा. त्यांनी ‘तुझ्या प्रोजेक्टचं नाव काय होतं?’ असं विचारलं, तर उत्तर पाच मिनिटांत जायला हवं. तुमच्या इंटर्नल परीक्षेच्या वेळी पोचेल असा मेल लावू नका.

आणखी एक गंमत आहे, जी अर्ज करणाऱ्या अनेकांच्या लक्षात येत नाही. मॅडम हो म्हणाल्यावर सायली पोर्टलवर त्यांचा मेल आयडी भरते आणि बटण दाबते. लेटर अपलोड करायची लिंक बऱ्याच पोर्टलवरून त्याच क्षणी आपोआप जाते. ती शेड्युल करता येत नाही! रात्री एक वाजता फॉर्म भरलात तर मॅडमना रात्री एक वाजता एका अनोळखी परदेशी पत्त्यावरून इंग्रजी मेल येणार. तो स्पॅममध्येही जाऊ शकतो. म्हणून इथे घड्याळ लावायचं ते स्वतःच्या बोटाला. फॉर्म रात्री भरून सेव्ह करून ठेवा, बटण गुरुवारी ११ वाजून १० मिनिटांनी दाबा. लगेच मागोमाग दोन ओळींचा मेल पाठवा की, ‘मॅडम, आत्ता अमुक विद्यापीठाकडून लिंक आली असेल, दिसली नाही तर स्पॅममध्ये पाहाल का?’ काही पोर्टल मात्र पूर्ण अर्ज सबमिट केल्यावरच लिंक पाठवतात. तुमचं पोर्टल कोणत्या प्रकारचं आहे ते त्याच्या सूचनांमध्ये आधीच वाचून ठेवा, म्हणजे लिंकची वाट बघण्यात आठवडा जाणार नाही.

बटण कुठे आहे?

मेल रात्री लिहायला काहीच हरकत नाही. आपल्यापैकी अनेकांचं डोकं चालतं तेच रात्री. फक्त लिहायची वेळ आणि पोचायची वेळ वेगळी करायची. जीमेलमध्ये ही सोय २०१९ पासून आहे.

लॅपटॉपवर Send बटणाच्या शेजारी छोटा बाण असतो. तो दाबला की Schedule send येतं. मोबाइलवर मेल लिहिताना वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमध्ये तेच सापडतं. पुढे जीमेल स्वतःच ‘उद्या सकाळी’ किंवा ‘सोमवारी सकाळी’ असे तयार पर्याय दाखवतं. तिथेच गडबड होते. तयार पर्यायातली सकाळ साधारणपणे आठची असते, म्हणजे आपल्या मॅडमची लोकलची वेळ! तो मोह टाळा. Pick date & time वर जा आणि आपली वेळ आपण भरा.

मेल एकदा लावला की तो गूगलच्या सर्व्हरवरून जातो. तुमचा मोबाइल बंद असला, डेटा संपला असला तरी अडत नाही. तोवर तो Scheduled या फोल्डरमध्ये दिसतो. त्यात बदल करायचा असेल तर Cancel send करावं लागतं आणि मग तो ड्राफ्ट होतो. इथे अनेक जण फसतात. चूक सुधारतात, विंडो बंद करतात आणि पुन्हा वेळ लावायला विसरतात. मेल ड्राफ्टमध्येच राहतो आणि तुम्ही आठवडाभर ‘मॅडम उत्तरच देत नाहीत’ म्हणत बसता. म्हणून ठरलेल्या वेळेनंतर एकदा Sent फोल्डर बघाच.

आणखी एक तपासणी. आदल्या संध्याकाळी मॅडम कॉरिडॉरमध्ये भेटल्या आणि तुम्ही लेटरचं तोंडी बोललात, तर लावलेला मेल तसाच जाऊ देऊ नका. ‘आपल्याला विचारायचं होतं...’ असा मेल दुसऱ्या दिवशी गेला तर विचित्र दिसतो. उघडा, ‘काल बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करा आणि पुन्हा लावा.

त्यांची सकाळ, आपली दुपार

समोरची व्यक्ती परदेशात असेल तर हिशोब बदलतो. समजा सायलीला उन्हाळी प्रोजेक्टसाठी जर्मनीतल्या एका प्राध्यापकांना लिहायचंय. त्यांच्या सकाळी साडेनऊला मेल पोचायला हवा. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे दुपारचे दोन. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांवर येतो. तेव्हा तीच साडेनऊची वेळ आपल्या दुपारी एकला पडते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा जुना हिशोब.

अमेरिकेत तर गणित उलटंच होतं. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथल्या सकाळी साडेनऊला मेल पोचवायचा तर हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात. आणि आपला रात्री एकचा मेल तिथे आदल्या दिवशी दुपारी अडीचला पोचतो, म्हणजे भर कामाच्या वेळी. तिथे लिहिताना तुमचं रात्रीचं जागरण चक्क उपयोगी पडतं! म्हणजे रात्र वाईट नाही, रात्र कोणाची ते बघायचं. फक्त शुक्रवारी जपा. आपल्या शनिवारी पहाटे दोनला न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारची दुपार कलत आलेली असते आणि लोक वीकेंडच्या तयारीत असतात.

जीमेलमध्ये वेळ भरताना ती तुमच्या लॅपटॉपवरच्या वेळेप्रमाणे, म्हणजे भारतीय वेळेने धरली जाते. साडेनऊ वाजता जर्मनीत पोचवायचाय म्हणून साडेनऊच भरलेत, तर तिथे हिवाळ्यात पहाटेचे पाच वाजलेले असतील. आधी त्या शहराची आत्ताची वेळ बघा, फरक काढा आणि मगच आकडा भरा. डेडलाइनचंही तसंच. सायलीची १५ जानेवारीची रात्री ११.५९ ही वेळ आपल्याकडे १६ तारखेची पहाटे ४.२९ आहे. पण त्या जादा साडेचार तासांवर मॅडमना बसवू नका. त्यांच्यासाठी शेवटची तारीख १० जानेवारी सांगा.

तुम्हीच ‘सर’ असता तेव्हा

आत्तापर्यंत आपण वरच्यांना मेल करत होतो. आता दिशा बदला. तुम्ही कॉलेज फेस्टचे सीएल आहात आणि रात्री एक वाजता एफ.वाय.च्या वीस व्हॉलंटियर्सना मेल टाकता, ‘स्पॉन्सर्सची यादी अपडेट करा.’ तुमच्या मनात ‘दोन दिवसांत केलं तरी चालेल’ असतं. त्यांच्या मनात मात्र धडकी.

लॉरा गिर्गे आणि व्हेनेसा बॉन्स या संशोधकांनी २०२१ मध्ये नेमकं हेच दाखवलं. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, घाईच्या नसलेल्या मेलला पाठवणाऱ्याला किती लवकर उत्तर हवंय, याचा अंदाज वाचणारे चुकवतात. पाठवणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा त्यांना ते जास्त घाईचं वाटतं आणि त्याचा ताण येतो. उपायही त्यांनी तपासला, तो म्हणजे ‘हे घाईचं नाही’ अशी एक स्पष्ट ओळ.

देशोदेशी यावर कायदेही झालेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचारी प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून अवाजवी नसेल तर वेळेबाहेरच्या मेलला उत्तर नाकारण्याचा हक्क आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलंय. कमिटीसाठी एवढा कायदा नको. यादीचा मेल दुसऱ्या दिवशी दुपारी लेक्चर संपल्यावर पोचेल असा लावा आणि ‘गुरुवार संध्याकाळपर्यंत चालेल’ एवढं लिहा. नुसतं ‘टेक युअर टाइम’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही.

थांबायचं नाही अशी वेळ

काही मेल शेड्युल करायचेच नसतात. ‘पहिल्या तीस जणांना प्रवेश’ असं लिहिलेलं असेल तर रात्री असो की पहाट, लगेच पाठवा. तिथे मेल किती वाजता पोचला यावरच क्रम लागतो. उद्या सकाळी व्हायवा आहे आणि तुम्ही तापाने फणफणलाय, तर तो मेल आत्ताच जायला हवा. पण काम मेलवर सोडू नका. सकाळी फोन करा किंवा क्लास रिप्रेझेंटेटिव्हला सांगा. जे काही तासांत व्हायलाच हवं, त्यासाठी मेल ही फक्त नोंद असते.

आणि उत्तर आलंच नाही तर? सायलीने मंगळवारी पाठवला, गुरुवारही गेला. ती पुढच्या मंगळवारी आठवण करते, नवा मेल न लिहिता जुन्यालाच रिप्लाय करून, म्हणजे सगळ्या फाइल्स त्याच धाग्यात सापडतात. या वेळी मात्र ती ११ वाजून १० मिनिटं सोडून सव्वाबाराची वेळ घेते. कारण पहिली वेळ चालली नाही, हे तिला आता कळलंय. कदाचित त्या तासात मॅडमना दुसरंच काम असेल.

तुमच्या सरांची किंवा मॅडमची वेळ शोधायची असेल तर तुमचाच इनबॉक्स उघडा. त्यांनी तुम्हाला आजवर पाठवलेली शेवटची आठ-दहा उत्तरं काढा आणि प्रत्येकाची वेळ कागदावर लिहा. कुणाची उत्तरं दुपारी तीनच्या आसपास जमतील, कुणाची सकाळी साडेदहाला. एखादे सर खरोखरच रात्री अकराला निवांत लिहिणारे निघतील. तसं असेल तर त्यांना खुशाल रात्री साडेदहाला मेल करा!